पाच वर्षांचा रोखा, एका वर्षाचा मुक्काम

सरकारी रोखा घेणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. दर सहा महिन्यांनी व्याज येतं आणि मुदत संपली की मुद्दल परत मिळतं. मधल्या काळात रोख्याचं वय वाढतं आणि त्याची उरलेली मुदत कमी होते, हे मात्र सहसा हिशेबात धरलं जात नाही. आज पाच वर्षांचा असलेला रोखा वर्षभराने चार वर्षांचा होतो, आणि बाजार त्याला चार वर्षांच्या रोख्याचा भाव देतो. चार वर्षांच्या रोख्यावरचं यील्ड पाच वर्षांच्या यील्डपेक्षा कमी असेल, म्हणजे यील्ड कर्व्ह वर चढता असेल, तर बाजारातले दर जागचे हलले नाहीत तरीही तुमच्या रोख्याची किंमत वाढते. या वाढीला रोलडाउन म्हणतात. ती पदरात पाडून घेण्यासाठी मुद्दाम लांब मुदतीचा रोखा घ्यायचा आणि मुदतीआधी विकायचा, ही कर्व्हवर स्वार होण्याची पद्धत. ती केव्हा फळते आणि केव्हा अंगाशी येते, हे घेण्यापूर्वीच मोजता येतं. ते मोजायचं कसं, हे एका खऱ्या रोख्यावर पाहू.

9 एप्रिल 2021, शुक्रवार. रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारसाठी पाच वर्षांच्या नव्या रोख्याचा लिलाव केला. त्यात कूपन ठरलं 5.63 टक्के, मुदतीची तारीख 12 एप्रिल 2026. पैसे सोमवारी, 12 तारखेला चुकते झाले. हा 5.63% GS 2026. त्या वेळी रेपो दर 4 टक्के होता, 364 दिवसांच्या ट्रेझरी बिलावर पावणेचार टक्क्यांच्या आसपास मिळत होतं आणि दहा वर्षांचं यील्ड 6 टक्क्यांच्या जवळपास होतं. कर्व्ह असा चढता क्वचितच पाहायला मिळतो. त्यातच लिलावाच्या दोन दिवस आधी, 7 एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने पहिल्या तिमाहीत 1 लाख कोटींचे सरकारी रोखे बाजारातून विकत घेण्याचा कार्यक्रम जाहीर केला होता. दर वर जाऊ देणार नाही, असा त्याचा अर्थ बऱ्याच जणांनी काढला.

समजा तुमच्याकडे 10 लाख रुपये आहेत आणि ते तुम्हाला वर्षभराने हवे आहेत. सरळ मार्ग म्हणजे 364 दिवसांचं ट्रेझरी बिल. 3.80 टक्के धरले तर 38,000 रुपये पक्के. दुसरा मार्ग म्हणजे पाच वर्षांचा रोखा दर्शनी किमतीला, म्हणजे 100 रुपयांना, घ्यायचा आणि 12 एप्रिल 2022 ला विकायचा. कूपनचे 28,150 रुपये ऑक्टोबरमध्ये आणि तेवढेच एप्रिलमध्ये, मिळून 56,300. आता विक्रीची किंमत काढायची. एक वर्षाचं 3.80 आणि पाच वर्षांचं 5.63 यांच्यामध्ये सरळ रेषा ओढली तर चार वर्षांचं यील्ड 5.20 च्या जवळपास येतं. हिशेबापुरतं तेच धरू. चार वर्षे उरलेल्या, 5.63 टक्के देणाऱ्या रोख्याची 5.20 यील्डला किंमत किती, ते काढायला गणितज्ञ लागत नाही. एक्सेल उघडा आणि हे लिहा:

```
=PRICE(DATE(2022,4,12),DATE(2026,4,12),5.63%,5.20%,100,2,4)
```

उत्तर येतं 101.535. शेवटच्या दोन आकड्यांपैकी 2 म्हणजे वर्षातून दोनदा व्याज, आणि 4 म्हणजे महिना तीस दिवसांचा धरण्याची रीत. आपल्याकडचे सरकारी रोखे तीस दिवसांच्या महिन्यावरच मोजले जातात. म्हणजे 100 रुपयांवर 1 रुपया 53 पैसे, आणि 10 लाखांवर 15,350 रुपये हा रोलडाउन. कूपन आणि रोलडाउन मिळून 71,650 रुपये, म्हणजे 7.16 टक्के. ऑक्टोबरचं कूपन पुन्हा कुठे गुंतवलं त्याचे चार पैसे यात धरलेले नाहीत. 3.80 विरुद्ध 7.16 पाहून कुणाचीही मान वळेल. पण सध्या फक्त मोजमाप पाहू, मोहाचं नंतर.

मोजताना हमखास होणारी एक चूक आहे. वरचा रोखा 100 ला घेतलेला होता, म्हणून विक्री किमतीतून खरेदी किंमत वजा केली की थेट रोलडाउन मिळाला. बाजारात मात्र तुम्हाला बहुतेक वेळा जुने रोखे मिळतात, आणि ते 100 च्या वर किंवा खाली असतात. त्याच कर्व्हवर 7.26 टक्के कूपनचा, पाच वर्षे उरलेला एक रोखा कल्पनेत घ्या. 5.63 यील्डला तो 107.02 ला मिळेल. वर्षभराने 5.20 यील्डला त्याची किंमत 107.35. वजाबाकी केली तर 33 पैसे उरतात, आणि माणूस म्हणतो की या रोख्यात रोलडाउन नाहीच. तसं नाही. 107 ला घेतलेला रोखा मुदतीअखेर 100 च देणार आहे, म्हणून त्याची किंमत दर वर्षी थोडी थोडी 100 कडे उतरत असते. यील्ड 5.63 वरच राहिलं असतं तर वर्षभराने किंमत 105.77 झाली असती. रोलडाउन मोजायचा तो या 105.77 पासून. 107.35 वजा 105.77, म्हणजे 1 रुपया 58 पैसे. पहिल्या रोख्याइतकाच, थोडा जास्तच. उरलेली 1 रुपया 25 पैशांची घट जास्त कूपनमधून आधीच भरून निघालेली असते. 100 च्या खाली घेतलेल्या रोख्यात याच्या उलट घडतं. किंमत आपोआप वर सरकते आणि ती सगळी वाढ रोलडाउनच्या खात्यावर लावून माणूस उगाच खूश होतो. तेव्हा कोणत्याही रोख्यासाठी PRICE दोनदा चालवा. वर्षभरानंतरची तारीख दोन्हीत तीच ठेवा. एकदा खरेदीच्याच यील्डला, एकदा एक वर्ष कमी मुदतीच्या यील्डला. या दोन उत्तरांतला फरक हा खरा रोलडाउन.

आता मोहाचं. 7.16 टक्के हे उत्तर एका गृहीतकावर उभं आहे, ते म्हणजे कर्व्ह वर्षभर जागचा हलणार नाही. म्हणून रोलडाउन काढल्यावर लगेच दुसरा आकडा काढायचा. चार वर्षांचं यील्ड वर्षभराने किती झालं तर माझा रोखा आणि ट्रेझरी बिल बरोबरीत येतील? बिल 3.80 देतं, कूपन 5.63 देतं, म्हणजे किमतीत 1 रुपया 83 पैशांचं नुकसान सोसायला जागा आहे. किंमत 98.17 पर्यंत घसरली तरी बरोबरी. एक्सेलमध्ये यील्डचा आकडा वाढवत नेलात की 6.15 च्या जवळ ही किंमत दिसेल. आज चार वर्षांचं यील्ड 5.20 आहे, म्हणजे 95 बेसिस पॉइंटची, जवळजवळ एका टक्क्याची, उशी आहे. दर तेवढे चढले तरी तुम्ही बिलवाल्याच्या मागे पडत नाही.

या 6.15 कडे जरा थांबून पाहायला हवं. बाजारात आज ज्या भावाने एक वर्षाचे आणि पाच वर्षांचे रोखे विकले जात आहेत, त्यातच एक भाकीत दडलेलं असतं. वर्षभराने चार वर्षांचं यील्ड 6.15 असेल, हे ते भाकीत. ते जसंच्या तसं खरं ठरलं तर पाच वर्षांचा रोखा घेणारा आणि बिल घेणारा सारखेच कमावतील. म्हणजे कर्व्हवर स्वार होणारा माणूस फुकटचे पैसे उचलत नाही. दर तुम्ही म्हणता तेवढे चढणार नाहीत, अशी पैज तो बाजाराशी लावतो. कर्व्ह खूप चढता असतो तो बहुधा दर वाढण्याची वेळ जवळ आलेली असते म्हणून. त्यामुळे जिथे रोलडाउन सगळ्यांत जाड दिसतो, तिथेच पैज सगळ्यांत धोक्याची असण्याचा संभव असतो. ज्या लेखात फक्त रोलडाउनचा आकडा असतो आणि बरोबरीचा आकडा नसतो, तो लेख मी पुढे वाचत नाही.

2021 च्या पैजेचं काय झालं? 2022 च्या सुरुवातीपासूनच यील्ड वर चढू लागलं. 8 एप्रिल 2022 च्या पतधोरणात रिझर्व्ह बँकेने 3.75 टक्के व्याजाची नवी ठेव सुविधा आणून बाजारातला तळाचा दर वर उचलला, आणि दहा वर्षांचं यील्ड 7 टक्क्यांच्या पुढे गेलं. 4 मे रोजी पतधोरण समितीने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो 40 बेसिस पॉइंटने वाढवला. त्या घडामोडीत तुमच्या रोख्याचं काय होऊ शकलं असतं, ते त्याच सूत्रातून दिसतं. चार वर्षांचं यील्ड 6.50 झालेलं असताना विकलं तर किंमत 96.98. तीन रुपये गेले, कूपन धरून वर्षाचा परतावा 2.61 टक्के. यील्ड 7 असताना विकलं तर 95.29, आणि दहा लाखांवर वर्षभराची निव्वळ कमाई 9,200 रुपयांच्या आसपास. बचत खात्यापेक्षाही कमी. कूपनमुळे मुद्दल बुडालं नाही, हेच काय ते समाधान. आणि ज्याने विकलंच नाही, त्याच्या 5.63 टक्क्यांना धक्का लागला नाही. फक्त त्याचे पैसे 2026 पर्यंत अडकले, आणि ते तर त्याला वर्षभरात हवे होते.

पुढे 2023 मध्ये रेपो 6.50 वर जाऊन थांबला, तेव्हा एक वर्षाच्या आणि दहा वर्षांच्या यील्डमध्ये फरकच फारसा उरला नाही. सपाट कर्व्हवर स्वार होऊन काही हाती लागत नाही.  फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 या काळात रेपो 6.50 वरून 5.25 वर आला, छोट्या मुदतीचं यील्ड त्याच्यामागे उतरलं, दहा वर्षांचं तेवढं उतरलं नाही, आणि कर्व्हला पुन्हा चढ आला. असा चढ दिसला की वरचे दोन आकडे काढायचे.

चढ दिसला म्हणून सगळ्यांत लांबचा रोखा घ्यायचा, असं मात्र नाही. रोलडाउन अंदाजे दोन गोष्टींचा गुणाकार असतो. एका वर्षात यील्ड किती उतरतं, आणि वर्षअखेरीस रोख्याची किंमत यील्डला किती संवेदनशील असते. 2021 च्या उदाहरणात पाच ते चार वर्षांच्या टप्प्यात 43 बेसिस पॉइंटचा उतार होता आणि संवेदनशीलता साडेतीनच्या थोडी वर. गुणाकार दीड रुपया. दहा ते नऊ वर्षांच्या टप्प्यात उतार 5 बेसिस पॉइंट धरा, संवेदनशीलता सात. गुणाकार जेमतेम 35 पैसे. दहा वर्षांचा रोखा 6 टक्के कूपन देतो म्हणून आकर्षक वाटतो, पण बिलापेक्षा मिळणारे जास्तीचे 2.20 आणि रोलडाउनचे 0.35 मिळून 2.55 होतात. त्याला सातने भागलं की उशी 36 बेसिस पॉइंटची. पाच वर्षांच्या रोख्याला 95 ची होती. यील्ड एक तृतीयांश टक्क्याहून थोडं जास्त चढलं की हा खेळ संपतो. कर्व्ह जिथे सगळ्यांत उभा आहे तो टप्पा बहुधा दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो, आणि स्वारी तिथेच करायची.

दहा वर्षांच्या रोख्यात आणखी एक खाच आहे. आपल्या बाजारात दहा वर्षांचा नवाकोरा रोखा बेंचमार्क असतो. सगळे व्यवहार त्यातच होतात, म्हणून त्याचं यील्ड शेजारच्या रोख्यांपेक्षा थोडं कमी राहतं. डिसेंबर 2020 मध्ये आलेला 5.85% GS 2030 असाच बेंचमार्क होता. जुलै 2021 मध्ये 6.10% GS 2031 आला आणि मान त्याच्याकडे गेला. बेंचमार्कचा मान गेलेल्या रोख्यावरची ही सवलत ओसरते आणि यील्ड थोडं वर सरकतं, म्हणजे रोलडाउनच्या उलट. म्हणून कर्व्ह पाहताना बेंचमार्कचा ठिपका बाजूला ठेवावा. रोजचा कर्व्ह एफबीआयएल आणि सीसीआयएलच्या संकेतस्थळांवर मिळतो. त्यात गुळगुळीत केलेली रेषा असते, पण तुमचा रोखा त्या रेषेवर आहे की वर-खाली, ते त्याच रोख्याच्या ताज्या व्यवहारावरून तपासा. महाराष्ट्र सरकारच्या रोख्यांचा लिलाव सहसा मंगळवारी होतो आणि ते केंद्राच्या रोख्यांपेक्षा थोडं जास्त यील्ड देतात. पण दहा वर्षांचा राज्याचा रोखा घेऊन केंद्राच्या नऊ वर्षांच्या यील्डशी त्याची तुलना केली तर रोलडाउन उगाच फुगलेला दिसतो. राज्याचा रोखा राज्याच्याच रोख्याशी ताडून पाहा.

आता वाशीमच्या वाचकाचा प्रश्न, हे इथे बसून करायचं कसं? नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट सुविधा आहे. खातं ऑनलाइन उघडतं, किमान 10,000 रुपयांचा रोखा घेता येतो, आणि लिलावात बोली न लावता सरासरी भावाने रोखा मिळतो. रिसोडला राहा की कारंज्याला, घेण्यात अडचण नाही. अडचण विकण्यात येते, आणि ही सगळी पद्धत विकण्यावरच उभी आहे. बाजारातला प्रमाणित व्यवहार 5 कोटींचा असतो. दोन-पाच लाखांचा रोखा विकायला निघालात की स्क्रीनवर घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत अंतर दिसतं. समजा ते 30 पैशांचं आहे. 1 रुपया 53 पैशांच्या रोलडाउनमधला पाचवा हिस्सा तिथेच गेला. म्हणून खरेदी करण्यापूर्वीच त्या रोख्याचे दोन्ही बाजूंचे भाव आठवडाभर पाहा. रोज काही ना काही व्यवहार होत असतील तरच त्यात उतरा.

पैसे कोणते, हेही पाहायला हवं. आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हातात येतात आणि मृगाच्या पेरणीला बियाणं-खतासाठी लागतात. सात-आठ महिन्यांचा पैसा. त्यावर स्वारी करू नये. रोलडाउनचा हिस्सा थोडाच पिकलेला असतो आणि जूनमध्ये भाव काहीही असला तरी विकावंच लागतं. त्याला 182 दिवसांचं बिल बरं. निवृत्तीच्या रकमेतला जो भाग वर्ष-दीड वर्षाने मुलाच्या शिक्षणाला लागेल, पण वेळ पडल्यास आणखी दोन वर्षं थांबू शकेल, त्यालाच ही पद्धत शोभते. थांबता येणं हाच इथला खरा विमा आहे.

कराचा हिशेब थोडा या पद्धतीच्या बाजूने झुकतो. कूपन आणि ट्रेझरी बिलातली कमाई तुमच्या नेहमीच्या कर-टप्प्यात जाते. रोखा मात्र बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर त्यातला नफा दीर्घकालीन भांडवली नफा होतो आणि त्यावर सध्या 12.5 टक्के कर आहे. म्हणून अकराव्या महिन्यात चांगला भाव दिसला तरी तीसेक दिवस थांबल्याने हातात जास्त पडेल का, हे आकडे मांडून पाहा. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला फरक नक्की जाणवेल.

अर्बन बँकेच्या किंवा जिल्हा बँकेच्या संचालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक सांगायला हवं. सहकारी बँकांना ठेवींच्या 18 टक्के रक्कम वैधानिक तरलतेपोटी ठेवावी लागते आणि ती बहुतांशी सरकारी रोख्यांतच असते. यातले रोखे मुदतीपर्यंत ठेवण्याच्या वर्गात टाकले असतील तर रोलडाउन कागदावरही दिसत नाही आणि विकायलाही मोकळीक नसते. स्वारी करायची असेल तर रोखा विक्रीसाठी उपलब्ध या वर्गात घ्यावा लागतो, आणि मग 2022 सारख्या वर्षात पडलेल्या किमतीची तरतूद ताळेबंदात दाखवावी लागते. हा निर्णय खरेदीच्या दिवशी संचालक मंडळाच्या ठरावाने व्हायला हवा. भाव पडल्यावर वर्ग बदलण्याची घाई केली की लेखापरीक्षकाची खूण ठरलेलीच.

वर्ष संपलं की रोखा विकलाच पाहिजे असं नाही. त्या दिवशी तो चार वर्षांचा रोखा म्हणून नव्याने समोर ठेवा. चार ते तीन वर्षांच्या टप्प्यात उतार किती उरला, एक वर्षाचं बिल आता किती देतं आणि बरोबरीचं यील्ड कुठे पडतं, हे तिन्ही आकडे नव्याने काढा. उतार कायम असेल आणि उशी अर्ध्या टक्क्याहून जास्त असेल तर मी बसून राहीन. कर्व्ह सपाट झाला असेल तर रोखा विकून बिलात येईन. खरेदीचा भाव काय होता, याचा त्या दिवशी करापुरताच विचार करावा.